कापसाच्या हर्रासातलं साटंलोटं : ते मोडत का नाही?

गेल्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत कापसाच्या भावावरून सभा झाली. सभा कसली, हर्रास संपल्यावर गाड्यांच्या रांगेतच लोक जमले आणि तावातावाने बोलू लागले. एका बाजूला कास्तकार : "हे सारे एका माळेचे मनी आहेत भाऊ. याइनं एकमेकाच्या घरी पोरी देल्ल्या, हे भाव वाढोतीन का?" दुसऱ्या बाजूला शहरातून आलेले एक अभ्यासू गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की बाजार हा बाजार असतो, भाव जगातून ठरतो, साटंलोटं ही हरलेल्या माणसाची तक्रार आहे. दोन तास वाद चालला. दोघांचंही अर्धं बरोबर होतं, आणि म्हणूनच तो वाद कुठेच पोहोचला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भाव पाडण्याचं किंवा चढवण्याचं साटंलोटं असतं, आपल्याकडेही असतं. पण ते स्वभावतः ठिसूळ असतं. ज्यांनी ते केलं त्यांनाच ते मोडण्याची सर्वांत जास्त हाव असते. त्यामुळे व्यापारी एक का झाले, हे विचारून फार काही हाती लागत नाही. कोण एक होणार नाही? विचारायचं ते हे, की एक झालेले व्यापारी वर्षानुवर्षं एक राहतात कसे? त्यांना बांधून ठेवणारी दोरी कोणती? आणि माझा संशय असा आहे की त्या दोरीचे दोन-तीन पीळ आपणच, चांगल्या हेतूने, वळून दिलेले आहेत.

ठिसूळ म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. एक क्विंटल कापूस जिनात गेला की साधारण 34 किलो रुई आणि 64 किलो सरकी निघते, उरलेला कचरा. समजा रुई 155 रुपये किलोने विकली जाते आणि सरकी 34 रुपयांनी. रुईचे 5,270, सरकीचे 2,176, मिळून 7,446 रुपये. यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वीज, व्याज, वाहतूक असे साडेतीनशेच्या आसपास काढा. म्हणजे कापूस 7,100 रुपयांना घेतला तर जिनवाल्याची मजुरी सुटते, फार काही उरत नाही. खरी चढाओढ असेल तर बोली याच्या जवळपास जायला हवी. आता कल्पना करा की तालुक्यात पाच जिन आहेत, रोजची आवक 1,500 क्विंटल आहे, आणि पाचही जणांनी दिवाळीच्या फराळाला बसून ठरवलं की 6,700 च्या वर कोणी जायचं नाही. प्रत्येकाच्या वाट्याला 300 क्विंटल, क्विंटलमागे 400 रुपये जादा. दिवसाला 1,20,000 रुपये, घरबसल्या.

आता त्या पाचांतला एक जण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करतो. त्याच्या जिनात यंत्रं रिकामी उभी आहेत. दुसरी पाळी लावली तर तो 600 क्विंटल ओढू शकतो. त्याने 6,750 दिले, म्हणजे ठरलेल्यापेक्षा फक्त पन्नास रुपये जास्त, तरी क्विंटलमागे 350 सुटतात. सहाशे गुणिले साडेतीनशे, 2,10,000. शब्द पाळला तर 1,20,000, शब्द मोडला तर 2,10,000. रोजचे 90,000 रुपये नुसत्या बेइमानीचे. आणि गंमत म्हणजे उरलेले चौघेही त्याच रात्री हाच हिशोब करत असतात.

मग थांबवतं काय त्याला? फक्त भीती. बाकीच्यांना कळलं की तेही बोली चढवतील, भाव 7,100 ला जाईल आणि सगळ्यांचा जादा नफा शून्य. म्हणजे सारा प्रश्न दोन गोष्टींवर येऊन ठेपतो : फितुरी किती दिवसांनी कळते, आणि कळल्यावर भावाची लढाई किती दिवस चालते. समजा सहा दिवसांनी कळली. तोवर फितुराने 5,40,000 जास्तीचे कमावले. त्यानंतर लढाई साडेचार दिवस चालली की त्याची कमाई फिटली, पाचव्या दिवसापासून तो तोट्यात. पाच जिन असले तर ही शिक्षा पुरेशी कडक आहे, गडी दोनदा विचार करेल. पण पाचांऐवजी पंधरा जिन असते तर? प्रत्येकाच्या वाट्याला 100 क्विंटल, रोजचा जादा नफा फक्त 40,000. फितुराला मात्र तेच 600 क्विंटल, तेच 2,10,000. सहा दिवसांत 10,20,000 रुपये वरचे, आणि ते फेडायला लढाई पंचवीस दिवसांवर चालावी लागेल. एवढी दुष्मनी कोणाला परवडते? म्हणून जिथे घेणारे मोजके, तिथे साटंलोटं टिकतं. जिथे घेणारे बरेच, तिथे ते पोळ्याला ठरलं तर दसऱ्यापर्यंत मोडतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती माझ्या डोळ्यादेखतची आहे. मार्च संपत आला, आवक घटली, फरदडीचा पिवळा-किडका कापूस येऊ लागला की यार्डात एकदम जान येते. डिसेंबरात सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या, पांढऱ्याशुभ्र कापसाला ज्यांनी तोंड वाकडं केलं, ते मार्चात त्या मानाने हलक्या मालासाठी एकमेकांवर बोली चढवतात. बाहेर भाव वाढला असेल, हे एक कारण असतंच. पण हंगाम संपताना शिक्षेची भीतीही संपते. उद्या लढाई झाली तरी उद्या माल कुठे आहे? आमच्यातल्या म्हाताऱ्या कास्तकारांनी हे सिद्धांत न शिकताच ओळखलेलं आहे. ज्याच्या घरी जागा आहे आणि डोक्यावर कर्ज नाही, तो कापूस घरात भरून ठेवतो आणि अंगाला खाज सहन करत मार्चाची वाट बघतो. अडचण एवढीच की ज्याला डिसेंबरात दुकानदाराचा चुकारा करायचा असतो, त्याला ही युक्ती परवडत नाही.

आता त्या शहरी गृहस्थांचा सर्वांत बळकट मुद्दा. भाव सगळीकडे सारखा दिसतो म्हणून साटंलोटं आहे, असं म्हणता येत नाही. हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. सगळे जिनवाले सकाळी मोबाइलवर तेच रुईचे दर पाहतात, त्याच सरकीच्या तेलवाल्यांना फोन लावतात. मग त्यांचे भाव सारखे निघाले तर नवल काय? चौकातल्या पाच टपऱ्यांवर चहा दहा रुपयांनाच मिळतो, म्हणून काय टपरीवाल्यांची टोळी आहे? भाव सारखा असणं हे चढाओढीचंही लक्षण आहे आणि साट्यालोट्याचंही. गेल्या काही वर्षांत कापूस पडला त्यात जगातल्या मंदीचा मोठा वाटा आहे, आणि जो पुढारी सगळं खापर स्थानिक व्यापाऱ्यावर फोडतो तो कास्तकाराला फसवतो.

पण म्हणून ओळखायचा मार्गच नाही, असं थोडंच आहे? भाव किती आहे ते सोडा, भाव वागतो कसा ते पाहा. वर केलेला रुई-सरकीचा हिशोब कोणीही रोज वहीत मांडू शकतो. रुई-सरकी चढली तरी कापसाची बोली पंधरा दिवस जागची हलत नाही, आणि रुई पडली की त्याच दुपारी बोली पडते, असं वारंवार होत असेल तर कान टवकारावेत. शेजारच्या तालुक्याच्या यार्डात भाव वाहतूक-खर्च धरूनही कायम चढा असेल आणि तरी तिथला व्यापारी इकडे फिरकत नसेल, तर का फिरकत नाही हे विचारावं. आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे परका माणूस आल्यावर काय होतं. मी एकदा पाहिलंय. कुठला बाजार ते सांगत नाही. नदीपलीकडून एक व्यापारी ट्रक घेऊन आला आणि हर्रासात उभा राहिला. पहिल्या तीन गाड्यांना नेहमीचे लोक सुस्त आवाजात बोलत होते. चौथ्या गाडीला त्याने तोंड उघडलं आणि तासाभरात बोली तीनशेने वर गेली. रुईचा दर त्या तासात तोच होता. दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक भरायला हमाल मिळाले नाहीत, काट्यावर त्याचा नंबर संध्याकाळी आला, आणि तिसऱ्या दिवशी तो आला नाही. बोली पुन्हा मूळ जागी. याला जगाची मंदी म्हणायचं का?

साटंलोटं आतून कसं किडतं याचा नमुना शोधायला वऱ्हाडाबाहेर जायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाड-खानदेशात गरजेपेक्षा जास्त जिन उभे राहिले. पुरेसा कापूस मिळेना, म्हणून मालकांनी एकत्र येऊन पूल केले. पूल म्हणजे जिनिंगचा दर सगळ्यांनी मिळून ठरवायचा, काही जिन चालवायचे, काही बंद ठेवायचे, आणि बंद जिनाच्या मालकालाही नफ्यातला वाटा द्यायचा. त्या वेळी यात बेकायदा काही नव्हतं, चोरून करायची गरजही नव्हती. तरी झालं काय? बंद जिनालाही वाटा मिळतो हे दिसल्यावर हुशार लोकांनी नवे जिन उभारायला सुरुवात केली. जिन चालवायचा हेतूच नाही. धुराडं दाखवायचं, दर पाडण्याची धमकी द्यायची आणि पुलात वाटा घ्यायचा. वाटेकरी वाढले, वाटा आटला, आतल्यांची कुरबुर सुरू झाली. चढा भाव हाच बाहेरच्याला आवतन असतो, हे त्या मालकांना तेव्हा कळलं असणार. आतल्या फितुराने मोडलं नाही तर बाहेरच्या आगंतुकाने मोडतं. आणि त्या आगंतुकाला दारातच अडवता आलं, तर मात्र साट्यालोट्याचं आयुष्य वाढतं. माझ्या डोळ्यांसमोरचा तो ट्रक दारातच अडवला गेला होता.

इथे कास्तकाराचा बळकट मुद्दा येतो, आणि तोही मी टाळणार नाही. "तुमचा ठिसूळपणा ठेवा तुमच्याजवळ, आमच्या यार्डात तर बापजाद्यापासून हेच चालू आहे." खरं आहे. मग वरच्या हिशोबात कुठे चुकलं? कुठेच नाही. फितुरी कळायला सहा दिवस लागतात, असं मी धरलं होतं. उघड हर्रासात ती कळायला सहा सेकंदही लागत नाहीत.

नीट पाहा. गाडीभोवती पाचही जण उभे आहेत. एकाने 6,750 ची हाळी दिली की बाकीच्यांनी त्याच क्षणी 6,800 म्हणायचं. फितुराच्या हाती लागली तर ती एखादी गाडी, वीसेक क्विंटल, म्हणजे 7,000 रुपयांची कमाई. त्यासाठी रोजचे 1,20,000 पणाला लावायचे? कोण मूर्ख आहे? फितुरीचा मोह सहा दिवसांच्या अंधारावर जगतो, आणि उघड बोलीने तो अंधारच काढून टाकला. ज्या हर्रासाला आपण कास्तकाराचं संरक्षण मानतो, तोच व्यापाऱ्यांचा एकमेकांवरचा पहारा होऊन बसतो. त्यात भर म्हणजे हे लोक रोज भेटतात, एकाच संघटनेत बसतात, सोयरे असतात, हमालांचा मुकादम त्यांच्या ओळखीचा असतो. शिक्षा करायला भावाचीच लढाई लागते असं नाही. लग्नाचं आवतन न देणंही पुरतं.

हे ऐकून लोक दचकतात, कारण पारदर्शकता म्हणजे चांगलंच, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. म्हणून डेन्मार्कचं उदाहरण देतो. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला वाटलं की तयार काँक्रीटच्या बाजारात चढाओढ कमी आहे, तर प्रत्यक्ष व्यवहारांचे दर कंपनीनिहाय छापावेत; गिऱ्हाइकाला स्वस्त कोण ते कळेल आणि भाव उतरतील. 1993 मध्ये छपाई सुरू झाली. वर्षभराच्या आत भाव 15 ते 20 टक्क्यांनी चढले, आणि ते चढणं महागाईने किंवा कच्च्या मालाने समजावता येईना. झालं असं की गिऱ्हाइकांपेक्षा कंपन्यांनी ते तक्ते जास्त मन लावून वाचले. आधी एखादी कंपनी कोपऱ्यातल्या कंत्राटदाराला गुपचूप सूट देत असे. आता ती सूट सरकारच छापून सगळ्यांना दाखवत होतं. सूट बंद झाली.

आपल्याकडेही याची सावली दिसते, आणि तीही विदर्भाच्याच मातीवर. राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीच्या पट्ट्यात ज्यांचे कारखाने आहेत, त्यांतल्या काही कंपन्यांसह देशातल्या 11 सिमेंट कंपन्यांना स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये सुमारे 6,300 कोटींचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने सुनावणीच्या पद्धतीतल्या दोषावरून तो आदेश रद्द केला, आयोगाने 2016 मध्ये पुन्हा दंड केला, 2018 मध्ये तो अपिलात कायम राहिला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आरोप त्यांना मान्य नाही, हे नोंदवायला हवं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ठरावाचा कागद कोणाच्या हाती लागला नव्हता. आयोगाने बोट ठेवलं ते संघटनेच्या बैठकांवर, बैठकांनंतर एकदम चढलेल्या भावांवर, क्षमता असूनही कमी काढलेल्या मालावर, आणि सदस्यांच्या किमती संघटनेकडे गोळा होण्यावर. ही माहिती सरकारच मागतं, असा बचाव झाला होता. डेन्मार्क आठवतं की नाही?

मग माझी सूचना काय? हर्रासात चिठ्ठी आणा. व्यापाऱ्याने गाडी पाहावी, कापसातली ओल हाताने चाचपावी, आपला भाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावा, आणि सगळ्या गाड्यांच्या चिठ्ठ्या दिवसाच्या शेवटी एकदमच उघडाव्यात. सर्वांत वरच्या भावाला माल, कास्तकाराला पसंत नसेल तर गाडी परत न्यायचा हक्क शाबूत. फलकावर भाव लिहावा, घेणाऱ्याचं नाव लिहू नये. नाव फक्त ज्याचा कापूस त्याच्या पावतीवर. शेजारच्या कर्नाटकात बाजार समित्यांमध्ये अशी गुप्त टेंडरची पद्धत फार पूर्वीपासून आहे, आणि आता ती ऑनलाइन आहे. मी काही चंद्रावरची गोष्ट सांगत नाही.

चिठ्ठीने काय बदलतं? फितुराला पूर्ण एक दिवस मिळतो. रात्री अंथरुणात हिशोब करणारा तो गडी आठवा. आता तो तीस गाड्यांवर 6,750 लिहून पेटीत टाकू शकतो आणि संध्याकाळी चिठ्ठ्या उघडेपर्यंत त्याला कोणी अडवू शकत नाही. संध्याकाळी सगळ्यांना कळेलच, गाव केवढं असतं! पण तोवर माल त्याच्या जिनाकडे निघालेला असतो. आणि उरलेल्या चौघांना हे माहीत असतं, म्हणून तेही आपापल्या चिठ्ठीवर थोडं चढवून लिहितात, की न जाणो आज कोणाची बुद्धी फिरली असेल. चिठ्ठी त्यांच्यातली सोयरीक तोडत नाही. ती फक्त एकमेकांवरचा विश्वास महाग करते.

यावर जुन्या माणसांचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. "गुप्त भावापायीच तर आपले आजे लुटले गेले." धोतराच्या सोग्याखाली, रुमालाखाली बोटं धरून दलाल आणि व्यापारी भाव ठरवत आणि कास्तकार बाजूला तोंड पाहत उभा असे. त्याविरुद्धच तर नियंत्रित बाजार आले. देशातला पहिला असा कापूस बाजार 1886 मध्ये आपल्याच कारंज्यात झाला आणि 1897 चा पहिला कायदाही वऱ्हाडाचाच. त्या इतिहासाचा मला अभिमान आहे. पण रुमालाखाली लपवलं जात होतं ते कास्तकारापासून. व्यापाऱ्याला दलालाकडून सगळं कळत होतं. चिठ्ठीत उलट आहे : लपतं ते एका व्यापाऱ्याचं दुसऱ्यापासून, आणि शेवटी कास्तकारासमोर सगळे आकडे उघडे होतात. अंधार दोन्हीकडे आहे, पण अंधारात कोण चाचपडतो ते बघायला नको का?

दुसरा उपाय कायद्याचा, आणि त्याची आमच्या भागात कोणाला कल्पनाच नाही. याचं एक कारण विनोदी आहे. सीसीआय म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे कापूस महामंडळाचं खरेदी केंद्र येतं, ओलाव्याचं मशीन येतं. दिल्लीत दुसरीही एक सीसीआय आहे, स्पर्धा आयोग, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. 2002 च्या स्पर्धा कायद्यात विक्रीचाच नव्हे, खरेदीचा भाव मिळून ठरवणंही बसतं, आणि बोलीत संगनमत तर नाव घेऊन बसतं. त्याहून धारदार कलम आहे माफीचं. जो आधी येऊन आतली गोष्ट सांगेल, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. रात्री डुकरं हाकायला जागलीवर जाताना आपण टॉर्चमध्ये जे सेल घालतो, त्यांच्या भावाचं असंच झालं. कंपन्यांनी मिळून भाव चढवले होते. पॅनासॉनिक आधी जाऊन बोलली, आणि 2018 च्या आदेशात तिचा दंड पूर्ण माफ झाला. एव्हरेडीला सुमारे 171 कोटी आणि निप्पोवाल्या इंडो नॅशनलला सुमारे 42 कोटी बसले, तेही सहकार्याची थोडी सूट धरून. हे कलमही चिठ्ठीसारखंच काम करतं. आतल्या प्रत्येकाला रात्री झोप लागू देत नाही : माझ्या आधी दुसरा गेला तर?

पण तालुक्याचा जिनवाला दिल्लीला जाऊन सोयऱ्याविरुद्ध बोलेल का? मला नाही वाटत. दंडाची भीती तिथवर पोहोचलेलीच नाही, तर माफीचा मोह कुठून होणार? म्हणून कायद्यापेक्षा माझी भिस्त चिठ्ठीवर आणि त्या परक्या ट्रकवर आहे. बाहेरच्या व्यापाऱ्याला हमाल आणि काटा नंबराप्रमाणे मिळालाच पाहिजे, आणि त्याची नोंद समितीने ठेवली पाहिजे. हे करायला नवा कायदा लागत नाही, समितीत थोडा कणा लागतो.

काही जण म्हणतात, एवढा उपद्व्याप कशाला, सरकारनेच सगळा कापूस घ्यावा. आपण ते करून पाहिलेलं आहे. 1972 पासून एकाधिकार खरेदी होती. एकच घेणारा, तोही कायद्याने. फितूर व्हायला दुसरा कोणी शिल्लकच नाही. ज्या वर्षी बाहेर भाव चढा होता, त्या वर्षी कास्तकाराने काय केलं? रात्री बंड्या जुंपल्या आणि कापूस सीमेपार आदिलाबादकडे नेला. पोलिसांनी तो कापूस चोरटा म्हणून धरला. स्वतःच्या शेतातला कापूस! हमीभावाच्या केंद्राला माझा विरोध नाही. ते साट्यालोट्याबाहेरचं एक गिऱ्हाईक आहे, आणि ते वेळेवर उघडलं की 6,700 चा ठराव त्याच दिवशी गळून पडतो. पण ते कितीतरी घेणाऱ्यांतलं एक असावं.

हे सगळं मी त्या सभेत तुटक तुटक बोललो. शहरी गृहस्थ मान हलवत होते, बहुधा शिष्टाचार म्हणून. आमच्या गावचे एक काका खर्रा घोटत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाबू, चिठ्ठी ठीक आहे. पन पेटीची चाबी कोनाजवळ राहीन?"

मी म्हटलं, दोन कुलपं लावू. एक चावी समितीच्या सचिवाजवळ.

"अन् दुसरी?"

रांगेतल्या पहिल्या गाडीवाल्याजवळ, मी म्हटलं. रोज नवा माणूस.

काकांनी खर्रा तोंडात टाकला, आपल्या गाडीचा नंबर पाहिला. एकेचाळीस होता. "मंग उद्या पहाटी तीन वाजता निंघा लागते," म्हणाले.